जादा गेलेले बाराशे कुठे दिसतील?

माफीची अशी पत्रं आता जवळजवळ प्रत्येकाच्या मेलमध्ये कधी ना कधी येऊन पडतात :

‘आदरणीय ग्राहक, काही तांत्रिक अडचणीमुळे काही वर्गणीदारांच्या खात्यातून रक्कम दोनदा वजा झाल्याचे निदर्शनास आले आहे. सदर रक्कम आपल्या खात्यात ५ ते ७ कामकाजाच्या दिवसांत जमा करण्यात येईल. आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.’

भाषा सभ्य आहे, दिलगिरी आहे, मुदतही आहे. तरीही हे पत्र वाचून माणूस फोन उचलतोच. माझे दोनदा गेले का? कुठले परत येणार? कुठल्या खात्यात? कधीपर्यंत वाट बघू? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर या चार वाक्यांत नाही. हे पत्र नव्यानं लिहायचं तर आधी शब्दांना हात लावून चालत नाही. पैसे गेले कुठून, परत जातात कोणत्या वाटेनं आणि मध्ये कुठे थांबतात, हे लिहिणाऱ्याला नीट कळावं लागतं. ते कळलं की पत्र बरंचसं आपोआप लिहून होतं.

म्हणून एक उदाहरण घेऊ. सगळे तपशील नमुन्याचे आहेत, पण असे प्रकार वर्गणीच्या कामात वरचेवर घडतात. एका मराठी मासिकाची डिजिटल आवृत्ती आहे, वार्षिक वर्गणी ₹१,२००. साताऱ्यातल्या एक निवृत्त शिक्षिका तिच्या वर्गणीदार आहेत. मागच्या वर्षी त्यांनी यूपीआय ऑटोपे चालू केलं होतं, म्हणजे दर वर्षी ठरल्या तारखेला बँक खात्यातून वर्गणी आपोआप कापून जावी. गुरुवार, ६ मार्च २०२५ला सकाळी ती कापली गेली. नियमाप्रमाणे आदल्या दिवशी त्याची सूचनाही फोनवर आली होती. पण दुपारी मासिकाकडून त्यांना मेसेज आला : ‘तुमची वर्गणी संपली आहे, नूतनीकरणासाठी येथे दाबा.’ बाईंनी दाबलं आणि या वेळी क्रेडिट कार्डानं ₹१,२०० भरले. एकाच दिवशी, एकाच अंकासाठी, दोन वेगळ्या वाटांनी चोवीसशे रुपये गेले.

हे झालं कसं? ऑटोपेची रक्कम कापली गेली की पेमेंट गेटवे मासिकाच्या सर्व्हरला तसा निरोप धाडतो. तो निरोप आला की वर्गणीच्या नोंदीत ‘भरली’ असं चढतं. त्या दिवशी निरोप आला, पण सर्व्हर तेव्हा बंद होता, आणि गेटवेनं पुन्हा पाठवलेला निरोप संध्याकाळी पोचला. दरम्यान आठवणीचे मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम आपल्या वेळेला जागा झाला, त्यानं नोंदीत बघितलं, तिथे ‘संपली’ दिसलं, मेसेज गेला. बँकेची यात काही चूक नाही, गेटवेची नाही, बाईंची तर नाहीच. म्हणजे ‘काही तांत्रिक अडचणीमुळे’ हे पत्रातलं पहिलंच वाक्य खरं असूनही निरुपयोगी आहे. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की काय झालं ते सांगायची यांची इच्छा नाही.

पत्र लिहायला बसण्याआधी वर्गणी विभागानं एक गोष्ट तपासलीच पाहिजे, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा राहून जाते. दुसरं पेमेंट खरोखर पूर्ण झालं आहे का? कारण ‘दोनदा पैसे गेले’ या एकाच तक्रारीखाली तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात आणि तिघींची उत्तरं वेगळी आहेत.

पहिल्या प्रकारात पैसे ग्राहकाच्या खात्यातून कापले जातात, पण मासिकापर्यंत पोचतच नाहीत, व्यवहार अर्ध्यात फसतो. असे पैसे बँकांनी स्वतःहून परत करायचे असतात. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, यूपीआयनं किंवा कार्डानं दुकानदाराला केलेल्या अशा फसलेल्या पेमेंटची रक्कम व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत परत आली पाहिजे, आणि उशीर झाला तर दर दिवशी १०० रुपये भरपाई मिळते. हा शंभर रुपयांचा नियम लोकांच्या चांगला लक्षात आहे, पण तो फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. बाईंची दोन्ही पेमेंटं पूर्ण झाली आहेत, पैसे मासिकाच्या हिशेबात आले आहेत. ते मासिकानंच परत पाठवायचे आहेत. इथे पत्रात ‘बँकेच्या नियमानुसार रक्कम परत येईल’ असं लिहिणं म्हणजे आपलं काम बँकेच्या अंगावर टाकणं झालं. शिवाय बाई बँकेत जाऊन चौकशी करतील आणि बँक म्हणेल, आमच्याकडे तर व्यवहार यशस्वी दिसतो आहे.

दुसरा प्रकार फक्त कार्डात होतो. कार्डाच्या पेमेंटला दोन पायऱ्या असतात. आधी बँक ती रक्कम अडकवून ठेवते, आणि मग विक्रेता ती प्रत्यक्ष उचलतो. दुसऱ्या पायरीच्या आधीच चूक लक्षात आली तर विक्रेत्याला व्यवहार रद्द करता येतो. तेव्हा अडकवलेली रक्कम बँक मोकळी करते. यात ‘जमा’ अशी वेगळी ओळ स्टेटमेंटमध्ये सहसा येतच नाही, आधीची ओळच नाहीशी होते. ग्राहकाला ‘रक्कम जमा होईल’ असं कळवलं तर तो बिचारा कधीच न येणाऱ्या ओळीची वाट बघत बसतो. या प्रकारात पत्रात साफ लिहायला हवं की वेगळी जमा दिसणार नाही, मूळ व्यवहारच यादीतून जाईल.

तिसरा प्रकार आपल्या बाईंचा : दोन्ही पेमेंटं पूर्ण, पैसे मासिकाकडे, म्हणून मासिकाकडून रिफंड. पुढचं सगळं याच प्रकाराबद्दल.

आता प्रश्न येतो तो म्हणजे दोनांपैकी कुठले बाराशे परत करायचे? रकमा सारख्या, म्हणून विचार न करता कुठलेही परत केले जातात, पण ग्राहकाच्या दृष्टीनं त्यात बराच फरक आहे. रिफंड आला त्या वाटेनं परत जातो. मनीऑर्डर घेतली गेली नाही तर ती पाठवणाऱ्याकडेच माघारी येते, तसंच हे. यूपीआयचं पेमेंट परत केलं तर पैसे बाईंच्या बँक खात्यात येतील आणि पासबुकात दिसतील. कार्डाचं परत केलं तर ते कार्डाच्या खात्यावर जमा होतील, पासबुकात त्यांचा मागमूसही नसेल. ‘आपल्या खात्यात जमा करण्यात येईल’ हे वाक्य वाचून सत्तरीतल्या बाई पासबुक भरून घ्यायला बँकेत जातील, तिथे काही नसेल, आणि मासिकानं फसवलं असा त्यांचा ग्रह होईल. मासिकानं पैसे वेळेवर परत करूनही!

दोन्हीपैकी कार्डाचे परत करणं बरं. ऑटोपे ही बाईंनी स्वतः केलेली कायमची व्यवस्था आहे, त्या पैशांवर वर्गणी चालू झाली आहे, आणि पुढच्या वर्षीची तारीखही त्याला जोडलेली आहे. कार्डाचं पेमेंट चुकीच्या मेसेजमुळे झालं, म्हणून ते रद्द व्हावं. काही जण मात्र बँक खात्यात रोख रक्कम परत येईल म्हणून यूपीआयचे परत करतात. तेही चालेल. पण जे केलं ते पत्रात नावानिशी सांगितलं पाहिजे.

ग्राहकाच्या सोयीसाठी म्हणून कार्डाचे पैसे सरळ बँक खात्यात पाठवले तर? किंवा पैसे परत न करता वर्गणीच एक वर्ष पुढे ढकलली तर? दुसरा मार्ग मासिकांना फार आवडतो, कारण पैसे हातातून जात नाहीत. पण मार्च २०२०मधल्या रिझर्व्ह बँकेच्या पेमेंट ॲग्रीगेटर्ससाठीच्या सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की रिफंड मूळ पेमेंटच्या मार्गानंच करावा, ग्राहकानं दुसऱ्या मार्गाला खास संमती दिली असेल तरच तो वेगळ्या मार्गानं करावा. वर्गणी वाढवून देण्याचा प्रस्ताव ठेवायला हरकत नाही, पण तो प्रस्ताव म्हणून. ‘आपली वर्गणी २०२७पर्यंत वाढवण्यात आली आहे’ असं परस्पर कळवणं म्हणजे बाईंच्या पैशांचं काय करायचं ते त्यांना न विचारता ठरवणं. माझ्या मते हे त्या दुहेरी कपातीहून अधिक अपमानकारक आहे. पहिली चूक सर्व्हरची होती, ही माणसांची.

आता मुदत. ‘५ ते ७ कामकाजाचे दिवस’ हे शब्द गेटवेच्या मदतपानावरून जसेच्या तसे पत्रात उतरतात. कार्डाच्या रिफंडला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे ते खोटं नाही. पण आपल्या उदाहरणात त्याचा अर्थ काय होतो ते पाहू. मासिकानं शुक्रवार, ७ मार्चला रिफंड पाठवला. बाईंनी सरळ बोटांवर मोजलं तर ७ आणि ५ म्हणजे १२ मार्च, फार तर १४. प्रत्यक्षात ८ मार्च हा महिन्यातला दुसरा शनिवार, बँका बंद. ९ला रविवार. १० ते १३ हे चार दिवस कामाचे. १४ला धुळवड, महाराष्ट्रात बँकांना सुट्टी. १५ला तिसरा शनिवार, म्हणून तो कामाचा, आणि तो पाचवा दिवस. १६ला पुन्हा रविवार. १७ सहावा, १८ सातवा. म्हणजे गेटवेच्या हिशेबानं मुदत १५ ते १८ मार्च येते, आणि बाई १२पासून रोज मोबाइल उघडून बघत आहेत. हा हिशेब एकदा वर्गणी विभागातल्या माणसानं मासिकाच्या कॅलेंडरवर केला तर शेकडो वर्गणीदारांचा घोर वाचतो. पत्रात दिवसांची संख्या नको, तारीख हवी : ‘१८ मार्चपर्यंत’.

यूपीआयचा रिफंड बहुधा लवकर येतो, कित्येकदा त्याच दिवशी. म्हणून वेगवेगळ्या मार्गांनी पैसे भरलेल्या वर्गणीदारांना एकच पत्र पाठवू नये. मासिकाकडे यादी असतेच. तिचे दोन भाग करायचे, दोन पत्रं करायची. त्याला अर्धा तास लागतो.

मासिकाच्या बाजूनं इथे एक खाचखळगा आहे, आणि तो बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतो. बऱ्याच गेटवेंवर रिफंडचे पैसे मासिकाच्या त्या दिवसाच्या शिल्लक जमेतून वळते होतात. तीनशे वर्गणीदारांचे एकाच दिवशी परत करायचे म्हणजे ₹३,६०,००० झाले. लहान मासिकाच्या गेटवेत एवढी शिल्लक त्या दिवशी नसेल तर काही रिफंड अडकून पडतात किंवा फसतात. पत्र मात्र सगळ्यांना गेलेलं असतं, ‘रक्कम परत पाठवली आहे’ म्हणून. त्यामुळे क्रम असा हवा की आधी रिफंड टाकायचे, मग प्रत्येक रिफंडची स्थिती गेटवेच्या यादीत बघायची, आणि ज्यांचे खरोखर गेले त्यांनाच ‘पाठवले’ असं लिहायचं. उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी लिहावं. माफीच्या पत्रातलं ‘पाठवले आहेत’ हे क्रियापद खरं असलंच पाहिजे.

गेटवेच्या यादीत रिफंड पूर्ण झाला असं दिसलं तरी ते मासिकाच्या बाजूचं पूर्ण होणं असतं. तिथून तो कार्डाच्या जाळ्यातून बाईंचं कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, आणि ती बँक तो त्यांच्या कार्डखात्यावर लिहिते. मध्ये कुठे अडला तर शोधायला एक संदर्भ क्रमांक असतो. कार्डाच्या बाबतीत तो एआरएन, तेवीस आकडी. यूपीआयसाठी आरआरएन किंवा यूटीआर, बारा आकडी. एआरएन बहुधा रिफंड टाकल्यावर एक-दोन दिवसांनी मिळतो, त्यामुळे पहिल्या पत्रात तो नसेल. तो आला की दुसऱ्या दोन ओळींच्या निरोपात कळवायचा. नुसतं ‘बँकेशी संपर्क साधा’ सांगून भागत नाही. बँकेतल्या माणसाला तो तेवीस आकडी क्रमांक दिला तरच तो आपल्या संगणकात काही शोधू शकतो.

एवढं सगळं कळल्यावर लिहिलेलं पत्र असं होईल :

‘विषय : ६ मार्चला दोनदा घेतलेली वर्गणी, ₹१,२०० तुमच्या क्रेडिट कार्डावर परत

सप्रेम नमस्कार.

६ मार्चला आम्ही तुमच्याकडून वार्षिक वर्गणीचे ₹१,२०० दोनदा घेतले. सकाळी यूपीआय ऑटोपेनं तुमच्या बँक खात्यातून आणि दुपारी तुमच्या क्रेडिट कार्डावरून. चूक आमची आहे. सकाळची रक्कम आम्हाला मिळाली होती, पण आमच्या नोंदीत ती वेळेत चढली नाही, आणि वर्गणी संपल्याचा मेसेज तुम्हाला गेला. आमच्यावर विश्वास ठेवून तुम्ही पुन्हा पैसे भरलेत. याबद्दल आम्ही तुमची मनापासून माफी मागतो.

क्रेडिट कार्डाचे पूर्ण ₹१,२०० आम्ही ७ मार्चला परत पाठवले आहेत. ज्या कार्डानं तुम्ही पैसे भरले त्याच कार्डावर ते १८ मार्चपर्यंत जमा झालेले दिसतील. बँकेच्या पासबुकात ते दिसणार नाहीत, कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये बघावे. तिथे आमच्या मासिकाच्या नावाऐवजी आमच्या प्रकाशन संस्थेचं नाव असेल आणि रकमेपुढे CR असं लिहिलेलं असेल.

यासाठी तुम्हाला काहीही करायचं नाही. पैसे परत देण्यासाठी आम्ही पिन, ओटीपी किंवा कार्डाचा क्रमांक मागत नाही. कोणी मागितला तर देऊ नका.

तुमची वर्गणी चालू आहे आणि ५ मार्च २०२६पर्यंत चालेल. १९ मार्चला रक्कम दिसली नाही तर या पत्राला उत्तर द्या किंवा खालच्या क्रमांकावर फोन करा. बँकेला देण्यासाठी लागणारा संदर्भ क्रमांक आम्ही तुम्हाला १० मार्चला कळवू.’

खाली विभागप्रमुखाचं नाव आणि प्रत्यक्ष उचलला जाणारा फोन नंबर.

जुन्या पत्रापेक्षा हे लांब आहे, पण यातला एकही परिच्छेद काढता येत नाही. माफी मात्र एकाच वाक्यात आहे, आणि ती घटनेच्या लगेच मागे आली आहे. जुन्या पत्रात ‘गैरसोयीबद्दल’ दिलगिरी होती, जणू पैसे आपोआप वजा झाले आणि बाईंना त्याचा त्रास झाला. नव्या पत्रात आधी ‘आम्ही घेतले’ असं लिहिलं आहे. ते लिहिलं की माफीला वेगळं सजवावं लागत नाही. ‘आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद’ मी काढून टाकलं आहे, कारण बाईंनी कुठलं सहकार्य केलेलं नाही, त्यांचे पैसे गेले आहेत.

पैसे परत करताना मासिकाला तोटाही होतो. गेटवेनं कार्डाच्या पेमेंटवर घेतलेलं शुल्क रिफंडनंतर बहुधा परत मिळत नाही. ते मासिकानं सोसायचं. ‘प्रक्रिया शुल्क वजा करून’ ₹१,१७० परत करण्याचा प्रकारही घडतो, म्हणून पत्रात ‘पूर्ण’ हा शब्द आहे. पावती दोन वेळा गेली असेल तर दुसऱ्या पावतीची क्रेडिट नोट काढावी लागते, आणि त्यात जीएसटीही परत आला पाहिजे.

स्टेटमेंटवरच्या नावाबद्दलचं वाक्य किरकोळ वाटेल, पण निम्मे फोन त्यानं थांबतात. बँकेच्या यादीत मासिकाचं नाव क्वचितच येतं. तिथे नोंदणीकृत संस्थेचं किंवा गेटवेचं नाव येतं. पैसे येऊनही ते ओळखता येत नाहीत. कोणत्या नावानं येतात ते मासिकाला एक रिफंड स्वतःच्या कर्मचाऱ्याच्या कार्डावर करून बघता येतं.

पिन आणि ओटीपीचं वाक्यही वगळू नये. दोनदा पैसे कापले गेल्याची बातमी पसरली की ‘रिफंड देतो’ म्हणणारे फोन येऊ लागतात. ते क्यूआर कोड पाठवतात आणि पिन टाकायला सांगतात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. याच कारणासाठी माफीच्या पत्रात कुठलीही लिंक असू नये. लिंक असलेलं खरं पत्र आणि लिंक असलेलं खोटं पत्र यांत बाईंनी फरक कसा करायचा?

क्रेडिट कार्डाच्या बिलाबद्दल पत्रात आणखी दोन ओळी घालाव्यात असं वाटतं, पण सगळ्यांची बिलाची तारीख वेगळी असते, म्हणून ते फोनवर विचारणाऱ्याला सांगणं बरं. समजा बाईंचं बिल १० मार्चला निघालं, त्यात हे ₹१,२०० आले, आणि भरण्याची शेवटची तारीख २८ मार्च. रिफंड १७ला आला. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या कार्डविषयक निर्देशांनुसार, बिल अजून भरलेलं नसेल आणि मुदतीच्या आत रिफंड आला, तर बँकेनं तो देय रकमेतून लगेच वजा करून ग्राहकाला कळवायचा असतो. तसा मेसेज आला की बाईंनी ₹१,२०० कमी भरले तरी चालतील. तो नाही आला तर पूर्ण बिल मुदतीत भरून टाकावं. रिफंड नंतर आला की तो कार्डावर जमा राहतो आणि पुढच्या खरेदीत वळता होतो. रिफंड येणार म्हणून आधीच कमी भरले आणि तो उशिरा आला, तर त्यावर व्याज लागू शकतं, आणि मग बाराशेची चूक आणखी वाढते.

एसएमएसची अडचण वेगळी आहे. इंग्रजी मजकुराचा एसएमएस १६० अक्षरांचा असतो, पण देवनागरीत एका एसएमएसला ७०च मिळतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण हे सगळं वेगळं मोजलं जातं. मोठा मजकूर दोन भागांत गेला तर प्रत्येक भागात ६७. म्हणून वर्गणी विभाग एसएमएस इंग्रजीत पाठवतो किंवा ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व, तपशील ईमेलवर’ एवढ्यावर भागवतो. पण बाईंसारखी माणसं ईमेल आठवड्यातून एकदा उघडतात, एसएमएस मात्र लगेच वाचतात. दोन भागांत जेमतेम बसेल असा मजकूर हा :

‘वर्गणीचे ₹१२०० आमच्या चुकीने दोनदा घेतले. जादा ₹१२०० क्रेडिट कार्डावर १८ मार्चपर्यंत दिसतील. पिन/ओटीपी कोणालाही देऊ नका. तपशील ईमेलवर’

आपल्याकडे असे व्यावसायिक एसएमएस पाठवायला मजकुराचा साचा आधी मोबाइल कंपन्यांच्या यंत्रणेत नोंदवावा लागतो. चूक झाल्यावर नोंदणीला निघालं तर उशीर होतो. रक्कम, मार्ग आणि तारीख या तीन जागा बदलत्या ठेवून असा एक साचा वर्गणी विभागानं आधीच नोंदवून ठेवावा.

आता समजा १९ मार्च उजाडला आणि कार्डावर काहीच नाही. पहिली शक्यता अशी की बाई चुकीच्या ठिकाणी बघत आहेत, कार्डाऐवजी पासबुकात. दुसरी, दरम्यान कार्ड बदललं आहे. मुदत संपून त्याच बँकेचं नवं कार्ड आलं असेल तर रिफंड बहुधा नव्या कार्डाच्या खात्यावरच जातो. पण कार्डखातं बंद केलेलं असेल तर तो अडकतो, आणि मग मासिकानं संमती घेऊन दुसऱ्या मार्गानं पैसे द्यावेत. तिसरी शक्यता थोडी नाजूक आहे. पत्र यायच्या आधीच बाईंनी रागानं बँकेकडे तक्रार केली असेल, तर बँक तीच रक्कम मासिकाकडून वेगळ्या वाटेनं मागते, आणि रिफंडही चालू असतो. दोन्ही पूर्ण झाले तर बाराशेचे चोवीसशे परत जातात आणि पुढे त्यांची उलट वसुली सुरू होते. म्हणून फोनवर पहिला प्रश्न ‘बँकेत तक्रार केली आहे का?’ हा विचारावा, आणि विचारताना त्यात आरोपाचा सूर असू नये. बँकेकडे जाणं हा त्यांचा हक्कच आहे.

यापैकी काहीच नसेल तर एआरएन हातात घेऊन कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार करायची. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार करता येते, आणि तिला शुल्क लागत नाही. पण ही वाट बँकेविरुद्धची आहे. मासिकानं रिफंड पाठवलाच नसेल आणि फोनही उचलत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची. त्या वेळी हाताशी लागतात ६ मार्चच्या दोन्ही पेमेंटचे संदर्भ क्रमांक, ‘वर्गणी संपली’ असं सांगणारा तो मेसेज आणि माफीचं पत्र.